पगारपत्रकातली कपात जुळत नाही? पीएफ, पीटी आणि टीडीएस स्वतः कसे पडताळावेत

पगारपत्रकातल्या तीन कपाती एकाच रकमेवर मोजल्या जात नाहीत. भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे पीएफ, मूळ वेतनावर कापला जातो. व्यवसाय कर, म्हणजे पीटी, त्या महिन्याच्या एकूण पगाराच्या टप्प्यावर ठरतो. टीडीएस मात्र अख्ख्या वर्षाच्या अंदाजी उत्पन्नावरून काढतात. म्हणून गेल्या महिन्याचे पगारपत्रक शेजारी ठेवून तुलना केली तर गोंधळ वाढतो. प्रत्येक कपात तिच्या स्वतःच्या आधारावर पुन्हा मोजावी लागते.

उदाहरण पुण्यातल्या एका कर्मचाऱ्याचे घेऊ. वर्ष 2025-26, नवी करप्रणाली. मूळ वेतन 40,000, घरभाडे भत्ता 20,000, विशेष भत्ता 45,000, एकूण 1,05,000 रुपये. डिसेंबरमध्ये त्याला दीड लाख बोनस मिळाला. नोव्हेंबरमध्ये त्याच्या हातात 1,00,000 आले, जानेवारीत 79,135 आणि फेब्रुवारीत 79,035. या तिन्ही महिन्यांत एकूण पगार तोच होता.

पायरी 1 : पीएफ मोजा

मूळ वेतन (महागाई भत्ता असेल तर तो मिळवून) गुणिले 12 टक्के. इथे 40,000 चे 4,800 रुपये. तुमच्या पत्रकात मूळ वेतन बरेच मोठे असूनही 1,800 च दिसत असतील, तर कंपनी 15,000 रुपयांच्या कायदेशीर मर्यादेवर पीएफ कापते आहे. ते नियमात बसते. एखाद्या महिन्यात यापैकी कोणताच आकडा येत नसेल, तर आधी बिनपगारी रजा पाहा. तीस दिवसांच्या महिन्यात दोन दिवस पगार कापला गेला तर मूळ वेतन 37,333 होते आणि पीएफ 4,480.

एक बाब मात्र खरोखर तपासण्यासारखी आहे. मूळ वेतन 9,000 आणि सगळ्यांना सरसकट मिळणारा विशेष भत्ता 8,000 असेल, आणि पीएफ फक्त 9,000 वर म्हणजे 1,080 कापला जात असेल, तर लेखी विचारणा करा. असा सरसकट भत्ता पीएफसाठी वेतनातच धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. मूळ वेतन आधीच 15,000 च्या वर असेल तर हा मुद्दा सहसा लागू पडत नाही, कारण कंपनीवरचे बंधन त्या मर्यादेपर्यंतच असते.

पायरी 2 : पासबुकाशी ताडून पाहा

passbook.epfindia.gov.in वर यूएएन टाकून पासबुक उघडा. इथे बहुतेकांना धक्का बसतो: आपला हिस्सा 4,800, पण कंपनीचा 3,550 च. पैसे गायब झालेले नसतात. कंपनीच्या 4,800 मधून 15,000 चे 8.33 टक्के, म्हणजे 1,250 रुपये, पेन्शन योजनेत जातात आणि ते शेजारच्या रकान्यात दिसतात. दोन्ही आकडे मिळवले की 4,800 भरतात. ज्यांची पीएफची पहिलीच नोकरी 1 सप्टेंबर 2014 नंतर सुरू झाली आणि तेव्हाच पीएफसाठीचे वेतन 15,000 च्या वर होते, ते पेन्शन योजनेत येत नाहीत. त्यांच्या पेन्शनच्या रकान्यात शून्य आणि कंपनीच्या हिश्श्यात पूर्ण 4,800 दिसायला हवेत. अशा कर्मचाऱ्याचे 1,250 पेन्शनमध्ये जात असतील तर पेरोलला लगेच कळवा. वर्षे उलटल्यावर ही दुरुस्ती फार किचकट होते.

एका महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. म्हणून मार्चच्या पगाराची नोंद पासबुकात नव्या वर्षाच्या पानावर येते, ती जुन्या पानावर शोधू नका. नोंद चढायला थोडा वेळ लागतो, पण मुदत उलटून महिना गेला तरी ती दिसली नाही, तर पेरोलकडे त्या महिन्याच्या चलनाचा टीआरआरएन क्रमांक मागा. चलन खरोखर भरले असेल तर हा क्रमांक लगेच मिळतो. टाळाटाळ झाली तर पगारपत्रक जोडून epfigms.gov.in वर तक्रार नोंदवा. पगारातून कापलेला पीएफ न भरणे हा गुन्हा आहे.

पायरी 3 : व्यवसाय कर

महाराष्ट्रात महिन्याचा पगार 10,000 च्या वर असेल तर 200 रुपये, आणि फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2,500 भरावेत म्हणून शेवटी हे शंभर जास्त घेतात. फेब्रुवारीत हातात शंभर कमी आले ते यामुळेच. पुरुषांना 7,501 ते 10,000 या टप्प्यात 175 रुपये लागतात. महिलांना 1 एप्रिल 2023 पासून 25,000 पर्यंत काहीच नाही. 22,000 पगार असलेल्या महिलेच्या पत्रकात 200 रुपये दिसले, तर बहुधा पेरोलमध्ये नोंद चुकली आहे आणि रक्कम परत मागता येते.

पायरी 4 : टीडीएस वर्षाचा मांडा

कागद घ्या आणि बोनसच्या आधीचे गणित करा. 1,05,000 गुणिले 12 म्हणजे 12,60,000. त्यातून प्रमाणित वजावट 75,000 गेली की उरतात 11,85,000. करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो, म्हणून नोव्हेंबरपर्यंत टीडीएस शून्य होता.

बोनस आल्यावर करपात्र उत्पन्न 13,35,000 झाले आणि सवलत पूर्ण गेली. आता पहिल्या 4 लाखांवर शून्य, पुढच्या 4 लाखांवर 5 टक्क्यांनी 20,000, त्यापुढच्या 4 लाखांवर 10 टक्क्यांनी 40,000 आणि उरलेल्या 1,35,000 वर 15 टक्क्यांनी 20,250. बेरीज 80,250. त्यावर 4 टक्के उपकर 3,210 मिळवला की 83,460. दीड लाखाच्या बोनसवर एवढा कर कसा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण यातले 58,500 बोनसवरचे नाहीत. आतापर्यंत सवलतीने माफ होत असलेला 11,85,000 वरचा कर आता जागा झाला आहे.

हा कर वसूल करायला डिसेंबर ते मार्च असे चारच महिने उरले. 83,460 भागिले 4 म्हणजे 20,865. जानेवारीत 1,05,000 मधून पीएफचे 4,800, व्यवसाय कराचे 200 आणि हे 20,865 वजा करा, 79,135 येतात. काही कंपन्या बोनसवरचा कर त्याच महिन्यात एकरकमी कापतात. मग डिसेंबरचा आकडा मोठा दिसतो, पण वर्षाची बेरीज तीच राहते. पडताळताना एका महिन्यावर अडू नका, बेरीज तपासा.

नवी करप्रणाली निवडली असेल तर व्यवसाय कराची वजावट मिळत नाही, तेव्हा ती या गणितात धरू नका. वर्षाच्या मधोमध नोकरी बदलली असेल तर आणखी एक चूक संभवते: नव्या कंपनीला जुना पगार ठाऊक नसेल तर ती कमी टीडीएस कापते आणि फरक विवरणपत्र भरताना तुमच्या अंगावर येतो. रुजू होतानाच फॉर्म 12B मध्ये जुन्या पगाराची आणि कापलेल्या कराची माहिती द्या.

पायरी 5 : कर तुमच्या पॅनवर जमा झाला का

आयकर संकेतस्थळावरून फॉर्म 26AS उघडा. डिसेंबरचा टीडीएस जानेवारीत तिथे नसेल तर घाबरू नका. कंपनीचे तिमाही विवरण भरल्यावरच नोंद चढते, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरची मुदत 31 जानेवारी असते. जानेवारी ते मार्चची 31 मे. म्हणून पूर्ण वर्षाचा ताळा जूनमध्येच लागतो. तेव्हाही रक्कम कमी दिसली, तर पेरोलने दुसऱ्याच पॅनवर भरणा दाखवला आहे का ते आधी विचारा. ही चूक कंपनीलाच दुरुस्ती विवरण भरून सुधारावी लागते, तुम्हाला ती करता येत नाही. तोवर त्या वर्षाची सगळी पगारपत्रके आणि पगार जमा झाल्याचे बँकेचे उतारे जपून ठेवा. पगारातून कर कापला गेल्याचे सिद्ध झाले, तर तोच कर तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही.