प्लास्टर दुरुस्तीचे फायनल बिल आणि मोजमाप पत्रक कसे तयार करावे

नवीन भिंत पूर्ण झाल्यावरही मोजता येते. दुरुस्तीचे तसे नाही. पोकळ प्लास्टर काढून नवे केले आणि त्यावर रंग चढला, की कुठे किती काढले होते हे कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे दुरुस्तीचे फायनल बिल खरे तर चिपिंग झाले त्याच दिवशी लिहायला घ्यावे लागते. मी सोसायट्यांच्या दुरुस्तीची बिले तपासतो, आणि बहुतेक वाद याच दिवशी टेप न लावल्यामुळे होतात.

एका जिन्याच्या बाहेरच्या भिंतीचे उदाहरण घेऊ.

१. झाकण्याआधी मोजा. हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत जा. जिथे बद्द आवाज येतो तिथे खडूने चौकोन आखा. प्लास्टर चौकोनाच्या रेषेवरच कापून घ्या, म्हणजे सांधाही नीट बसतो आणि मापही सरळ निघते. मग ठेकेदाराचा माणूस आणि सोसायटीचा एक सभासद, दोघांनी मिळून टेप धरावी. प्रत्येक चौकोनाला भिंतीवरच अ, ब, क लिहा, टेपसकट फोटो काढा आणि कागदावर दोघांच्या सह्या त्याच वेळी घ्या.

२. पत्रक भरा. मापे मीटरमध्ये, दोन दशांशांपर्यंत लिहा.

| तपशील | नग | लांबी | उंची | चौ.मी. |
|---|---|---|---|---|
| अ, खिडकीभोवती | १ | ३.२० | २.४० | ७.६८ |
| ब, लिंटेलखाली | २ | १.५० | १.१० | ३.३० |
| क, झरोक्याची पट्टी | १ | ४.०० | ०.६० | २.४० |
| खिडकीच्या कडा | १ | ४.२० | ०.१० | ०.४२ |
| वजा: खिडकी | १ | १.२० | ०.९० | −१.०८ |
| एकूण | | | | १२.७२ |

सगळ्यात जास्त प्रश्न वजावटीवर येतात. क पट्टीत ०.६० × ०.४५ मीटरचा झरोका आहे, म्हणजे ०.२७ चौ.मी. तो आम्ही वजा केला नाही, कारण अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या भोकाची वजावट करायची नाही ही प्लास्टर मोजण्याची मान्य रीत आहे. तेवढ्या भोकाच्या कडा भरायला गवंड्याला जास्तच वेळ लागतो. खिडकी १.०८ चौ.मी.ची, म्हणून ती वजा झाली. पण तिच्या चारही कडांना नवे प्लास्टर केले होते, म्हणून चारही बाजूंची लांबी ४.२० आणि खोली १० सेंटिमीटर धरून ०.४२ जमा केले. वजा तेवढे करायचे आणि जमा विसरायचे, हे ठेकेदारावर अन्याय करणारे आहे. मोठ्या भोकांच्या वजावटीची रीत वर्क ऑर्डरमध्येच लिहून ठेवा.

अंदाजपत्रकात प्लास्टर ९ चौ.मी. होते, प्रत्यक्षात १२.७२ भरले. ठोकून पाहिल्यावर पोकळ भाग वाढतोच. वाढीव ३.७२ चौ.मी.ला करारातलाच दर लावावा आणि ही वाढ बिलात वेगळी ओळ म्हणून दाखवावी, म्हणजे सभेत उत्तर देता येते.

३. दर लावा. आधी एकक पाहा. ८५० रुपये चौरस मीटरचा दर म्हणजे सुमारे ७९ रुपये चौरस फूट. एका कागदावर फूट आणि दुसऱ्यावर मीटर असले, की बिल जवळजवळ अकरापट चुकते.

प्लास्टर १२.७२ × ८५० = १०,८१२ रुपये. रंग पूर्ण ६.०० × ३.६० मीटर भिंतीला, खिडकी वजा जाता २०.५२ चौ.मी. × १६० = ३,२८३.२०, या दरात खिडकीच्या कडा धरलेल्या आहेत. पावसाळी पाइप १०.५० मीटर × ४२० = ४,४१०. बेरीज १८,५०५.२०, म्हणजे १८,५०५ रुपये. ठेकेदार जीएसटीत नोंदलेला नव्हता, म्हणून त्या नावाची रक्कम बिलात येऊच शकत नाही.

४. वजा रकमा लिहा. इथे प्रत्येक ओळीला कागद हवा. आधीच्या रनिंग बिलापोटी दिलेले ५,००० वजा. दर सिमेंटसकट होता, पण सोसायटीने आपल्या साठ्यातल्या २ गोण्या दिल्या, म्हणून ८०० वजा, चलनावर सहीसकट. तेवढ्या क्षेत्राच्या २० मिमी प्लास्टरला, १:४ मिश्रणात, साधारण दोन गोण्याच लागतात. कुणी सहा गोण्या दाखवल्या असत्या तर मोजमाप पुन्हा उघडावे लागले असते. शेवटी ५ टक्के अनामत ९२५ रुपये.

१८,५०५ − ५,००० − ८०० − ९२५ = ११,७८० रुपये देय.

अनामत हा दंड नव्हे. ती ठेकेदाराचीच रक्कम आहे, म्हणून बिलावरच परतीची तारीख लिहा. आम्ही एक पावसाळा गेल्यावरची लिहिली. पावसाळा संपल्यावर त्याच अ, ब, क चौकोनांवर हातोडीचा दांडा पुन्हा ठोकायचा, खिडकीच्या कडांना ओल आली आहे का ते बघायचे, आणि आवाज भरीव आला तर त्याच आठवड्यात चेक द्यायचा.