नातवंडांसाठी पत्र: उपदेश नको, प्रसंग लिहा

‘प्रामाणिक राहा’ एवढंच लिहिलं तर नातू ते एकदा वाचून घडी घालतो. त्याऐवजी प्रसंग लिहा: वाण्याने चुकून जास्त दिलेले पन्नास रुपये परत करायला भर उन्हात का गेलात, तेव्हा घरात पैशांची किती ओढाताण होती. असे दोन-तीन प्रसंग पुरेत, त्यात एक स्वतःची चूकही हवी.

‘पाटल्या तुला’ असलं वाक्य मात्र या पत्रात नको. दोन साक्षीदारांच्या सह्या नसल्याने ते मृत्युपत्र ठरत नाही, भांडण तेवढं लागतं.

पत्र लॉकरमध्ये ठेवू नका. वारसांना तो उघडून मिळायला वेळ लागतो. पाकिटावर नातवाचं नाव आणि तारीख घालून सुनेला किंवा लेकीला जागा सांगून ठेवा.