जपानी एन-५ साठी ते-फॉर्मचा तक्ता करताना या चुका टाळा

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतील एन-५ ही पहिली पातळी आहे. या पातळीच्या अभ्यासक्रमात ज्या धड्यात क्रियापदाचा ते-फॉर्म येतो, त्या धड्यापाशी विद्यार्थी हमखास अडखळतात. विनंती करणे, परवानगी मागणे, चालू असलेली क्रिया सांगणे आणि एकामागून एक घडणाऱ्या क्रिया जोडणे ही सगळी कामे हे एकच रूप करते, त्यामुळे ते चुकले तर चूक एका प्रश्नापुरती राहत नाही. म्हणूनच बहुतेक जण या धड्याचा एक पानी तक्ता करून ठेवतात. तक्ता करणे योग्यच आहे, पण तो ज्या पद्धतीने केला जातो त्यात काही ठरावीक चुका असतात आणि त्यांतील पहिली चूक इतरांपेक्षा बरीच मोठी आहे.

नियम एका रूपावरून, अपवाद दुसऱ्या रूपावरून

पाठ्यपुस्तके सहसा क्रियापदे मास-फॉर्ममध्ये, म्हणजे आदरार्थी रूपात शिकवतात आणि ते-फॉर्मचा नियमही त्याच रूपावरून देतात. पहिल्या गटातील क्रियापदांसाठी तो नियम असा आहे. (येथील ‘आ’ जपानीत ऱ्हस्व उच्चारला जातो.)

| ‘मास’च्या आधीचा ध्वनी | ते-फॉर्मचा शेवट | उदाहरण |
|---|---|---|
| इ, चि, रि | त्ते | माचिमास (थांबणे, वाट पाहणे) → मात्ते |
| मि, बि, नि | न्दे | योमिमास (वाचणे) → योन्दे |
| कि | इते | काकिमास (लिहिणे) → काइते |
| गि | इदे | ओयोगिमास (पोहणे) → ओयोइदे |
| शि | शिते | हानाशिमास (बोलणे) → हानाशिते |

दुसऱ्या गटात ‘मास’ काढून ‘ते’ लावायचे असते, उदाहरणार्थ ताबेमास (खाणे) → ताबेते. तिसऱ्या गटात दोनच क्रियापदे आहेत: शिमास (करणे) → शिते आणि किमास (येणे) → किते.

येथपर्यंत सहसा कोणी चुकत नाही. गोंधळ होतो तो अपवादांची यादी जोडताना. शब्दकोशांत आणि इंटरनेटवरच्या टिपणांत क्रियापदे डिक्शनरी फॉर्ममध्ये असतात, त्यामुळे तेथे मिळणारी अपवादांची यादी काएरु (परतणे), हाइरु (आत जाणे), हाशिरु (धावणे), शिरु (माहीत होणे), किरु (कापणे) आणि इरु (गरज असणे) अशी असते. ‘एरु’ किंवा ‘इरु’ने संपणारी क्रियापदे दुसऱ्या गटातील मानावीत, मात्र ही पहिल्या गटातील आहेत, असा त्या यादीचा अर्थ आहे. ही यादी खरी आहे, पण ती डिक्शनरी फॉर्मवरून गट ओळखणाऱ्यासाठी केलेली आहे. मास-फॉर्मवरून पाहिले, तर काएरिमास आणि हाइरिमास यांत ‘मास’च्या आधी ‘रि’ सरळ दिसतो आणि ती क्रियापदे वरच्या तक्त्यात कोणत्याही अडचणीशिवाय बसतात. तेथे अपवाद ठरतात ती वेगळीच क्रियापदे: ‘मास’च्या आधी ‘इ’कारान्त ध्वनी असूनही दुसऱ्या गटात मोडणारी ओकिमास (झोपेतून उठणे), मिमास (पाहणे), कारिमास (उसने घेणे), ओरिमास (वाहनातून उतरणे), आबिमास (अंगावर पाणी घेणे), इमास (सजीवाचे असणे) आणि किमास (अंगात कपडा घालणे). पाठ्यपुस्तकातून घेतलेल्या तक्त्याखाली शब्दकोशातली यादी लिहिली, तर ज्यांना आधाराची गरज नाही अशा क्रियापदांना ती आधार देते आणि ज्यांना गरज आहे ती उघड्यावर राहतात.

परीक्षेत याचा फटका कसा बसतो, हे एका वाक्यावरून पाहू. ‘तोशोकान दे होन ओ ___, उचि दे योमिमास’, म्हणजे ‘ग्रंथालयातून पुस्तक घेऊन मी घरी वाचतो’, अशा अर्थाचे वाक्य आहे आणि रिकाम्या जागी कारिमासचे रूप हवे आहे. विद्यार्थी अपवादांची यादी आठवतो, तीत कारिमास सापडत नाही, म्हणून तो तक्त्याकडे वळतो. ‘मास’च्या आधी ‘रि’ आहे, तेव्हा ‘त्ते’ लागणार, म्हणजे उत्तर ‘कात्ते’. पर्यायांत ‘कात्ते’ असेल, तर त्याला शंकाही येत नाही, कारण ते खरोखरच अस्तित्वात असलेले रूप आहे. फक्त ते काइमासचे, म्हणजे विकत घेण्याचे रूप आहे. योग्य उत्तर ‘कारिते’ आहे.

गट चुकल्यामुळे तयार होणारे रूप पुष्कळदा दुसऱ्याच क्रियापदाचे बरोबर रूप निघते, आणि म्हणून ही चूक कानाला किंवा डोळ्याला खटकत नाही. ओकिमास चुकीच्या गटात घातले की ‘ओइते’ मिळते, जे ‘ठेवणे’ या क्रियापदाचे रूप आहे. ओरिमासचे ‘ओत्ते’ होते आणि ते ‘घडी घालणे’ याचे रूप आहे. उलट्या दिशेनेही तेच घडते: डिक्शनरी फॉर्मवरून हाइरु दुसऱ्या गटात धरले, तर ‘हाइते’ येते, जे पायांत किंवा कमरेखाली काही घालण्यासाठी वापरतात, आणि शिरुचे ‘शिते’ होऊन ते थेट ‘करणे’चे रूप बनते.

उपाय: एकाऐवजी दोन रूपे लिहा

या चुकीवर आणखी लांब यादी हा उपाय नाही. माझ्या मते प्रत्येक क्रियापदाचे मास-फॉर्म आणि डिक्शनरी फॉर्म शेजारी शेजारी लिहिणे हाच खरा उपाय आहे, कारण ही दोन रूपे एकत्र दिसली की गट आपोआप ठरतो. तिसऱ्या गटातली दोन क्रियापदे आधी बाजूला काढा. मग मास-फॉर्ममधील ‘मास’च्या जागी ‘रु’ ठेवून पाहा. डिक्शनरी फॉर्म जुळला तर क्रियापद दुसऱ्या गटातले, न जुळला तर पहिल्या गटातले.

कारिमासचे ‘कारिरु’ होते आणि शब्दकोशात तेच आहे, म्हणून गट दुसरा आणि रूप ‘कारिते’. काएरिमासचे ‘काएरिरु’ होते, पण शब्दकोशात ‘काएरु’ आहे, म्हणून गट पहिला आणि रूप ‘काएत्ते’. कपडा घालणे या अर्थाच्या किमासचे ‘किरु’ होते व ते जुळते, म्हणून ‘किते’. कापणे या अर्थाचे किरिमास ‘किरिरु’ होऊन जुळत नाही, म्हणून ‘कित्ते’. शब्दकोशात दोन्ही क्रियापदे ‘किरु’ अशीच दिसत असली, तरी मास-फॉर्म शेजारी असल्याने ती मिसळत नाहीत.

या पद्धतीत दोन्ही याद्या निकामी ठरतात आणि ते-फॉर्मचा खरा अपवाद एकच उरतो: इकिमास (जाणे). ‘कि’च्या नियमाने त्याचे ‘इइते’ व्हायला हवे होते, पण प्रत्यक्षात ‘इत्ते’ होते. हा अपवाद गट ओळखण्याचा नसून ध्वनिबदलाचा आहे, म्हणून तो तळाच्या यादीत न टाकता ‘कि’च्या ओळीतच, उदाहरणाला लागून लिहावा. याउलट ‘नि’साठी फार जागा राखू नये. आजच्या प्रमाण जपानीत त्या ओळीत शिनिमास (मरणे) हे एकच क्रियापद येते.

रूपाच्या तक्त्यात वापराचे अपवाद मिसळणे

‘आनो हितो ओ शित्ते इमास का’ (त्या व्यक्तीला ओळखता का?) या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर ‘शित्ते इमासेन’ असे नसून ‘शिरिमासेन’ असे असते. पाठ्यपुस्तकात हे ते-फॉर्मच्या जवळपासच येते, त्यामुळे अनेक जण शिरिमासला ‘अपवाद’ अशी खूण करून त्याच तक्त्यात बसवतात. नंतर उजळणी करताना त्या खुणेचा अर्थ उलटा लागतो आणि शिरिमासचा ते-फॉर्मच अनियमित आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात ‘शित्ते’ हे रूप पूर्णपणे नियमाप्रमाणे आहे. अनियमित आहे ते नकारार्थी उत्तर. अशा गोष्टींसाठी स्वतंत्र कागद ठेवावा आणि त्यावर सुटे रूप न लिहिता प्रश्न व उत्तर अशी पूर्ण जोडी लिहावी.

तक्ता एकाच दिशेने पाठ करणे

जेएलपीटीत लेखनाची किंवा संभाषणाची परीक्षा नसते. सगळे प्रश्न पर्यायी असतात, आणि एन-५ ला व्याकरण व वाचन या एकत्र भागासाठी ४० मिनिटे मिळतात. वाचताना आणि ऐकताना तयार ते-फॉर्म समोर येतो व त्यावरून मूळ क्रियापद ओळखावे लागते. ‘इत्ते’ हे जाणे, म्हणणे आणि गरज असणे या तिन्ही क्रियापदांचे रूप होऊ शकते, तर ‘किते’ हे येणे आणि कपडा घालणे या दोन्हींचे असते. येथे तक्ता उलटा वाचून भागत नाही, आधीचा शब्दयोगी पाहावा लागतो. ‘ए इत्ते’ असेल तर जाणे, ‘तो इत्ते’ असेल तर म्हणणे. ‘ए किते’ म्हणजे येणे आणि ‘ओ किते’ म्हणजे घालणे. त्यामुळे अशी एकसारखी रूपे तक्त्याच्या मागच्या बाजूला शब्दयोगीसह लिहून ठेवावीत.

तक्ता देवनागरीत ठेवणे

सुरुवातीच्या काही दिवसांनंतर तक्ता हिरागानात उतरवणे आवश्यक आहे आणि त्याचे कारण केवळ लिपीचा सराव एवढेच नाही. ‘किते’, ‘कित्ते’ आणि ‘कीते’ (किकिमास, म्हणजे ऐकणे, याचे रूप) ही तिघे फक्त ध्वनीच्या लांबीने वेगळी होतात. जोडाक्षराच्या बाबतीत मराठी कान तयार असतो, कारण ‘पती’ आणि ‘पत्ती’ यांतला फरक आपण रोज ऐकतो. स्वराच्या लांबीचे मात्र तसे नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ आपण वेगळे लिहितो, पण बोलताना बहुधा सारखेच उच्चारतो. त्यामुळे देवनागरी टिपणातील ‘कि’ आणि ‘की’ घाईघाईत एकच होऊन जातात आणि श्रवणाच्या भागात ‘कीते कुदासाई’ (ऐका) हे ‘किते कुदासाई’ (या) असे वाटते. हिरागानात पहिल्या रूपाला तीन अक्षरे लागतात आणि दुसऱ्याला दोन, म्हणून फरक नजरेतून सुटत नाही. तिन्ही रूपे मोठ्याने म्हणताना प्रत्येक अक्षराला एक टाळी द्यावी. ‘कित्ते’मध्ये लहान ‘त्सु’चीही स्वतंत्र टाळी मोजावी. ‘किते’ला दोन आणि इतर दोघांना तीन टाळ्या पडल्या नाहीत, तर ते क्रियापद तक्त्यात बरोबर लिहिलेले असूनही कानाला अजून पक्के झालेले नाही.