प्लास्टिकमुक्त कापसाचा प्रस्ताव संचालकांपुढे नेण्याआधी

हिंगणघाट-वणी पट्ट्यातल्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. खताच्या पोत्यात कापूस वेचला की पोत्याचे धागे रुईत येतात. हे धागे सुती रंग घेत नाहीत, म्हणून कापड रंगवल्यावरच डाग दिसतो आणि तक्रार गाठीच्या लॉट नंबरवरून आपल्यापर्यंत येते. वेचणीसाठी कापडी ओट्या देण्याचा प्रस्ताव मांडायचा असेल, तर बैठक पोळ्याआधी मागा. दसऱ्यानंतर वेचा सुरू होतो आणि त्याआधी ओट्या शिवून गावात पोचायला हव्यात.

पहिल्या वाक्यात मागणीच असू द्या: "60 कास्तकार, 240 गाठी, एक हंगाम, दीड लाख रुपये." प्लास्टिकचे तोटे त्यानंतर सांगा. वरची माणसं आकडा ऐकेपर्यंत मनात दुसरंच गणित करत बसतात.

आकडा कुठून आला हे एका कागदावर मांडून ठेवा. एका कास्तकाराचा 20 क्विंटल धरला तर 60 जणांचा 1,200 क्विंटल होतो. रुईचा उतारा 34 टक्के धरला तर 170 किलोच्या एका गाठीला 5 क्विंटल कापूस लागतो, म्हणजे 240 गाठी. दीडशे रुपयांच्या 240 ओट्यांचे 36,000. कापूस पसरायला घरटी एक सुती चादर, 400 रुपयांप्रमाणे 24,000. क्विंटलला 50 रुपये जादा दिले तर 60,000, आणि वेगळ्या गंजीवर निवडायला बसणाऱ्या बायांची मजुरी 30,000. हे दर उदाहरणादाखल आहेत, तुमच्या शिंप्याकडून आणि मुकादमाकडून खरे लिहून आणा.

आता सगळ्यात जपायची जागा. वरचा खर्च गाठीमागे 625 रुपये पडतो, पण मिलचा भाव खंडीला असतो आणि खंडी 356 किलोची. म्हणजे खंडीमागे साधारण 1,310 रुपये जास्त मिळाले तरच बरोबरी होते. माझ्या पहिल्या प्रस्तावात मी 625 हाच आकडा खंडीच्या भावाशेजारी ठेवला होता. मालकांनी पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि चर्चा तिथंच संपली. ओट्या-चादरी टिकल्या तर दुसऱ्या वर्षी 90,000 लागतात आणि खंडीमागचा खर्च 785 च्या आसपास येतो. दोन्ही वर्षं शेजारी-शेजारी लिहा.

"मिल खरंच जास्त देईल का?" हा प्रश्न येणारच. त्यावर मत देऊ नका. गेल्या हंगामात प्लास्टिकपायी झालेल्या कपातीची पत्रं तारखेनं लावून न्या, आणि एका खरेदीदाराकडून नमुन्याचा लॉट बघून भाव बोलण्याची लेखी तयारी आणा. जादा भावाचा शब्द कोणी आधी देत नाही, तेव्हा तो मिळाला असं भासवू नका.

"पैसे घेऊन कास्तकारानं कापूस पुन्हा पोत्यातच आणला तर?" याचं उत्तर फाटकावर आहे. गाडी उतरवताना ढिगाच्या तीन जागांहून कापूस काढून बघायचा, धागा दिसला तर ती गाडी नेहमीच्या गंजीवर आणि जादा 50 नाहीत. स्वच्छ माल वेगळ्या गंजीवर. त्याची जिनिंग करण्याआधी यंत्रं आणि रुईचा मार्ग झाडून घ्यायचा, नाहीतर आधीच्या लॉटमधला धागा याच गाठीत जाईल. या सफाईत वेळ जातो, तेव्हा किती तास बंद राहील ते फिटरला विचारूनच जा.

सर्वात अवघड प्रश्न बहुतेक कोणी विचारत नाही, म्हणून तो आपणच काढावा. वेचणाऱ्या बाईला मजुरी किलोवर मिळते. धागा, केस, पालापाचोळा काढत बसली तर तिचं वजन घटतं, आणि जादा 50 रुपये जातात कास्तकाराच्या हातात. क्विंटलमागचे 50 म्हणजे किलोला 50 पैसे, त्यातून तिच्या वाट्याला काही आलं नाही तर ओटी खुंटीवर राहील. माझं उत्तर असं: ओटी तिच्या मालकीची, आणि त्या 50 पैशांपैकी 25 पैसे किलोमागे वेचाईत वाढवून द्यायचे, हे कास्तकाराशी आधीच ठरवायचं. कंपनी हे सक्तीनं करवून घेऊ शकत नाही, तेही त्याच बैठकीत सांगा.

"कुठं थांबायचं?" याचा आकडा तयार ठेवा. पहिल्या 50 गाठी विकल्यावर खंडीला 785 रुपयेही जास्त मिळाले नाहीत, तर जादा भाव बंद आणि उरलेला माल नेहमीच्या भावानं विकायचा. ओट्या मात्र परत मागायच्या नाहीत.