‘तब्बल ४३ दिवसांनी आलात!’ : परतलेल्या ग्राहकाशी बोलताना ॲपने या चुका टाळाव्यात

औषधं घरपोच देणाऱ्या एका ॲपसाठी मी पडद्यावरचा मजकूर लिहिते. बऱ्याच दिवसांनी ॲप उघडणाऱ्यांसाठी मी एकदा अशी ओळ लिहिली होती:

> नमस्कार ताई, तब्बल ४३ दिवसांनी आलात! शुगरच्या गोळ्या तीन दिवसांपूर्वीच संपल्या असतील ना? आता कशी आहे तब्येत?

लिहिताना मला ती आपुलकीची वाटली. पुढच्या काही दिवसांत मात्र मदत केंद्रात एकच प्रश्न वारंवार यायला लागला: “तुम्हाला कसं कळलं?” एक फोन मी स्वतः ऐकला. मेटफॉर्मिन घेणारी एक तरुण मुलगी बोलत होती. तिला मधुमेह नव्हता. पाळीच्या तक्रारीसाठी, म्हणजे पीसीओएससाठी, डॉक्टरांनी ती गोळी दिली होती. जेवताना फोन टेबलावर होता, तीच ओळ सूचना म्हणूनही आली, स्क्रीन उजळली आणि समोर बसलेल्या भावाने ‘शुगर’ हा शब्द वाचला. घरात तिने कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. आता तिला सगळंच सांगावं लागलं.

ॲपकडची माहिती बहुतांशी खरी होती आणि वेळेवर गोळ्यांची आठवण देणं उपयोगाचंही होतं. चुकलं ते बोलणं. त्या ओळीतला प्रत्येक तुकडा वेगळ्या कारणाने चुकला होता.

दिवस मोजून दाखवणं

‘४३ दिवसांनी’ म्हटलं की समोरच्याला कळतं, आपण नसतानाही कुणीतरी दिवस मोजत होतं. डिसेंबर २०१७ मध्ये नेटफ्लिक्सने एक ट्विट केलं होतं. ‘अ ख्रिसमस प्रिन्स’ हा चित्रपट सलग १८ दिवस रोज पाहणाऱ्या ५३ जणांना उद्देशून ती थट्टा होती. नाव कुणाचंच नव्हतं, तरी लोक बिथरले, कारण आपण काय आणि किती वेळा पाहतो याचा कुणीतरी हिशोब ठेवतं हे त्या आकड्यांनी उघड केलं.

मोजणं मी बंद केलं नाही, ते बोलून दाखवणं बंद केलं. दिवसांचा आकडा आता फक्त काय दाखवायचं हे ठरवतो. आठवड्याच्या आत परत आलेल्याला काहीच म्हणायचं नाही, तो जिथे थांबला होता तिथेच त्याला न्यायचं. दोन-तीन महिन्यांत आलेल्याला मागच्या ऑर्डरचं एक कार्ड दाखवायचं. सहा महिने उलटले असतील तर आपली आठवण शिळी झाली असं धरायचं. घर बदललेलं असू शकतं, औषध बदललेलं असू शकतं. अशा वेळी कार्ड न दाखवता ‘पत्ता हाच आहे का?’ एवढंच विचारायचं. हे आकडे आमच्या ॲपचे आहेत. रोज उघडल्या जाणाऱ्या ॲपला ते फार मोठे पडतील, वर्षातून दोनदा लागणाऱ्याला फार छोटे.

अंदाज खरा मानून बोलणं

सगळ्यात खोल चूक हीच होती आणि ती लक्षात यायला मला सर्वात जास्त वेळ लागला.

ॲपला नेमकं काय माहीत होतं? १० गोळ्यांच्या ८ स्ट्रिप्स मागवल्या होत्या आणि चिठ्ठीवर दिवसाला दोन असं लिहिलं होतं, एवढंच. ८० गोळ्या ४० दिवस पुरतात, म्हणून ४३व्या दिवशी त्या संपल्या असणार, हा अंदाज. मेटफॉर्मिन म्हणजे मधुमेह, हा दुसरा अंदाज. मागवणारी व्यक्तीच रुग्ण आहे, हा तिसरा. डॉक्टरांनी डोस अर्धा केला असेल, मधल्या काळात कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन स्ट्रिप्स आणल्या असतील किंवा औषध सासूबाईंचं असेल, तर यातला एखादा तरी अंदाज कोसळतो. अंदाज चुकला तर ॲप मूर्ख वाटतं. बरोबर निघाला तर पाळत ठेवल्यासारखं वाटतं, आणि तेच जास्त वाईट.

त्यानंतर आम्ही ग्राहकाच्या माहितीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे ती कुठून आली ते लिहायला लागलो. ग्राहकाने स्वतः सांगितलेलं (‘आईची औषधं’ या नावाने जतन केलेली यादी), ग्राहकाने ॲपमध्ये केलेलं (मागची ऑर्डर) आणि आम्ही ताडलेलं, असे तीन कप्पे झाले. मजकुराच्या साच्यात फक्त पहिल्या दोन कप्प्यांतलं येऊ शकतं. ताडलेलं आतल्या कामाला वापरा, म्हणजे त्या गोळ्या गोदामात आधीच मागवून ठेवा, पण ते वाक्यात येऊ देऊ नका.

```json
{"field": "last_order_items", "source": "user_action", "say": true}
{"field": "likely_condition", "source": "inferred", "say": false}
```

`say` ही खूण माहितीसोबतच ठेवल्याचा फायदा असा, की सणासुदीच्या घाईत कुणी नवीन मजकूर लिहिला तरी साचा ताडलेलं उचलतच नाही. लिहिणाऱ्याच्या लक्षात राहण्यावर ते अवलंबून राहत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलवाल्याला माझ्या आईची सगळी औषधं पाठ आहेत. ती काउंटरशी आली की तो एवढंच म्हणतो, “नेहमीचंच ना?” रांगेतल्या बाकीच्यांना काही कळत नाही, आईचं काम होतं आणि “नाही, या वेळी डॉक्टरांनी बदललंय” म्हणायला तिला जागा राहते. त्या दोन शब्दांत आठवण पूर्ण आहे, पण आईबद्दल एक अक्षरही नाही.

म्हणून आता मी माणसाबद्दल न लिहिता कामाबद्दल लिहिते. यात मराठीची मोठी मदत होते. ‘कुठे गेला होतात?’ असं विचारलं की समोरचा पुरुष आहे हे ॲपने ठरवून टाकलं, ‘गेल्या होतात’ म्हटलं तर बाई. ‘तुम्ही गोळ्या मागवल्या होत्या’ यात क्रियापद गोळ्यांच्या मागे जातं आणि वाचणारं कोण हे ठरवावंच लागत नाही. ‘मागची ऑर्डर’, ‘राहिलेला फॉर्म’, ‘जपून ठेवलेली चिठ्ठी’ अशी वस्तू वाक्याच्या पुढे आली की लिंगाचा अंदाज आणि पाळतीचा वास दोन्ही जातात. ‘तुमची खूप आठवण येत होती’ हे वाक्यही मी काढलं. ॲपला आठवण येत नाही हे वाचणाऱ्याला माहीत असतं, आणि आजारपणात असलं खोटं लडिवाळ बोलणं टोचतं.

योग्य वाक्य, चुकीची जागा

आपल्याकडे अनेकदा एक फोन घरातले तीन-चार जण हाताळतात. त्यामुळे ॲप उघडल्यावर शोभणारी ओळ बंद स्क्रीनवर शोभेलच असं नाही. अँड्रॉइडमध्ये बंद स्क्रीनसाठी वेगळा मजकूर देता येतो:

```kotlin
val publicVersion = NotificationCompat.Builder(context, CHANNEL_ID)
    .setSmallIcon(R.drawable.ic_note)
    .setContentTitle("नवीन सूचना")
    .build()

builder.setVisibility(NotificationCompat.VISIBILITY_PRIVATE)
    .setPublicVersion(publicVersion)
```

पण एवढ्यावर विसंबू नका. बंद स्क्रीनवर सगळा मजकूर दिसू दे, असं सेटिंग वापरणाऱ्याने ठेवलं असेल तर हा झाकलेला मजकूर उपयोगी पडत नाही, पूर्ण सूचनाच दिसते. म्हणून आम्ही औषधाचं नाव, आजार आणि रुग्णाचं नातं सूचनेत घालणंच थांबवलं. ‘तुमची जतन केलेली यादी तयार आहे’ एवढंच जातं. ॲप उघडल्यावरही औषधांची नावं लगेच दिसत नाहीत, ती एका टॅपमागे आहेत.

विसरायला सांगण्याची सोय नसणं

एका ताईंनी वडिलांच्या बीपीच्या गोळ्यांची यादी केली होती. वडील गेले. दोन महिन्यांनी त्यांनी मुलासाठी तापाचं औषध मागवायला ॲप उघडलं, तर वर कार्ड: ‘बाबांची औषधं पुन्हा मागवायची?’ इथे अंदाज काहीच नव्हता, शब्दही त्यांचेच होते. तरीही ते कार्ड त्या वेळी असायला नको होतं.

२०१४ च्या अखेरीस वेब डिझायनर एरिक मायर यांना फेसबुकच्या वर्षाच्या आढाव्याने त्यांच्या मुलीचा फोटो सणाच्या नक्षीत सजवून दाखवला होता. मुलगी त्याच वर्षी वारली होती. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, असं त्यांनी स्वतःच लिहिलं. कुणाच्या घरात काय घडलं हे ॲपला कळणार नाही आणि ते कळून घ्यायचा प्रयत्नही त्याने करू नये. थांबवायची सोय तेवढी लगेच हाताशी हवी.

आम्ही कार्डावर ‘ही यादी आता नको’ हे बटण दिलं. कारण विचारत नाही, ‘नक्की का?’ असंही विचारत नाही. चुकून दाबलं तर पुढचे काही सेकंद ‘परत आणा’ दिसतं. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही म्हटलं आहे, की संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं. यादी एका टॅपने जतन होत असेल, तर ती काढायला सेटिंग्जमध्ये पाच पायऱ्या उतरायला लावणं बरोबर नाही.

बटण दिल्यावरही एक बिघाड राहिला होता. त्या ताईंनी ते दाबलं, कार्ड गेलं, आणि तीन दिवसांनी ‘बाबांची औषधं’ असं लिहिलेला एसएमएस आला. शोधल्यावर कळलं, की बटण फक्त पडद्यावरचं कार्ड लपवत होतं. एसएमएस आणि ईमेल यादी जतन झाली त्याच दिवशी पुढच्या तारखा टाकून वेगळ्या रांगेत लावलेले होते, आणि त्या रांगेला बटणाची खबरच नव्हती. तुमच्याकडे असं आहे का हे पाहायला एक चाचणी खातं उघडा, यादी जतन करा, काढून टाका आणि मग त्या खात्याच्या नावाने पुढे पाठवायच्या संदेशांत काही उरलंय का ते बघा. आम्हाला दोन एसएमएस आणि एक ईमेल सापडला. आता कुठलाही संदेश आधी लिहून रांगेत ठेवत नाही. पाठवण्याच्या क्षणी यादी अजून आहे का हे पाहून तेव्हाच मजकूर बनवतो.

बिघाड ओळखायचा कसा

कार्डावर किती टॅप झाले हा आकडा फसवा आहे. माझ्या त्या पहिल्या ओळीवरही टॅप चांगले होते, कारण घाबरलेला माणूसही टॅप करतो. संदेश गेल्यापासून एका दिवसात किती जणांनी सूचना बंद केल्या किंवा यादी काढली ते बघा, आणि ज्यांना काहीच संदेश दाखवला नाही अशा छोट्या गटाशी ताडून पाहा. मदत केंद्राच्या नोंदींत ‘कसं कळलं’ हे शब्द शोधा. मजकूर पक्का करण्यापूर्वी ऑफिसबाहेरच्या पाच जणांना तो दाखवून विचारा, “हे ॲपला कुठून कळलं असेल?” उत्तर लगेच आलं, “मीच सांगितलं होतं की”, तर ठीक. कुणी क्षणभर जरी थबकलं, तर तो तुकडा काढा.

त्या पहिल्या ओळीच्या जागी आता ॲपमध्ये हे दिसतं:

> नमस्कार. मागची ऑर्डर आणि डॉक्टरांची चिठ्ठी इथे आहे.
> पुन्हा मागवा · यादी बघा, बदला · ही यादी आता नको