मुरगळलेला पाय बांधण्याआधी दाबून बघायला शिकवा

नववी-दहावीच्या मुलांना प्रथमोपचार शिकवायला मी तीन तासिका ठेवतो. खरचटणं आणि घोळणा फुटणं एका तासिकेत होतं. उरलेल्या दोन्ही मुरगळलेल्या घोट्याला लागतात.

खरचटलं तर वाहत्या नळाखाली जखम धुवायची, खडी-माती निघेपर्यंत. हळद आणि चहापत्ती भरायची नाही. मग स्वच्छ गॉज आणि पट्टी. जखम खोल असेल किंवा आत माती गेली असेल, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी दवाखाना.

घोळणा फुटला की मान मागे टाकायची नाही, कारण रक्त घशात उतरतं आणि उलटी होते. बसवून पुढे वाकवा, तोंडाने श्वास घ्यायला सांगा आणि हाडाखालचा नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा. दहा मिनिटं, घड्याळ लावून. मुलं दर अर्ध्या मिनिटाला चिमूट सोडून "थांबलं का?" बघतात, आणि धरलेली गुठळी सुटते. म्हणून वर्गात प्रत्येकाला स्वतःचं नाक पूर्ण दहा मिनिटं धरायला लावा, म्हणजे ती किती लांब असतात ते कळतं. अर्ध्या तासात रक्त थांबलं नाही तर दवाखाना.

आता घोटा. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कबड्डीच्या सरावात एका मुलाचा पाय आत वळला. मी सूज बघितली, "मुरगळलाय" म्हणालो, बाम चोळला, क्रेप बँडेज आवळलं आणि त्याला मैदानावरून एक फेरी चालवलं. तिसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तेव्हा करंगळीच्या मागच्या लांब हाडाला, त्याच्या बुडाशी, तडा निघाला. मी त्या जागेला हातही लावला नव्हता. तेव्हापासून मी बँडेज शेवटी शिकवतो.

पहिली तासिका फक्त बोटांची. मुलांना जोडीने बसवा, बूट-मोजे काढायला लावा आणि स्केचपेन द्या. घोट्याला दोन्ही बाजूंनी हाडाचे उंचवटे असतात. प्रत्येकाच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर चार बोटं रेघ ओढायची. मग तळपायाच्या बाहेरच्या कडेवरून करंगळीकडून टाचेकडे बोट सरकवायचं. साधारण मध्यावर हाडाचा टेंगूळ लागतो, तिथे ठिपका. आतल्या बाजूला, घोट्याच्या पुढे, पायाच्या कमानीच्या वरचं हाड, तिथे दुसरा ठिपका. इथे घाई करू नका. निम्मी मुलं पहिल्यांदा ठिपका मांसावर काढतात.

मग नियम. या खुणांवर हाड दाबल्यावर दुखलं, किंवा लंगडत का होईना स्वतःच्या पायावर चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. दोन्हींपैकी एक पुरे. डॉक्टरही जवळपास याच खुणा तपासतात. आधी दाबायचं, मग चालवायचं. दाबताना दुखलं तर चालवायचंच नाही. लिगामेंट ताणलं असेल तर दुखणं बहुधा बाहेरच्या उंचवट्याच्या पुढे-खाली, मऊ जागी असतं. सूज किती आली यावरून काही ठरवू नका. पाय वाकडा दिसतोय, हाड बाहेर आलंय किंवा बोटं बधिर आहेत, तर दाबायचंही नाही. आहे तसा आधार देऊन थेट दवाखाना.

सरावासाठी मी चिठ्ठ्या करतो. 'रुग्ण' झालेल्या मुलाच्या चिठ्ठीत कुठे दुखतं आणि किती पावलं टाकता येतात ते लिहिलेलं असतं. गेल्या वर्षीची एक चिठ्ठी: 'बाहेरच्या ठिपक्यावर दुखतं, पण चार पावलं टाकता येतात.' तपासणारी मुलगी आधी म्हणाली, "चालतोय ना सर, मग लचकलंच असेल." मी तिला नियम पुन्हा म्हणायला लावला. 'किंवा' या शब्दावर ती थांबली आणि म्हणाली, "एक्स-रे." असा फसवा प्रकार मुद्दाम ठेवा.

दुसऱ्या तासिकेत उपचार. खेळ बंद. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दोन-तीन तासांनी पुन्हा. पाय उशीवर उंच. पहिले दोन-तीन दिवस चोळणं, शेकणं आणि कुणाकडून पाय 'ओढून घेणं' पूर्ण बंद. घरी आजी तेल लावायला बसणारच, म्हणून हे पालकांसाठी वहीत लिहून द्या.

बँडेज दहा सेंटीमीटर रुंदीचं घ्या. पाऊल नडगीशी काटकोनात, सुरुवात बोटांच्या बुडापासून, घोट्याभोवती आठचा आकडा, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर, बोटं उघडी. बांधून झाल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही तर सोडून पुन्हा बांधा. सूज वाढत असते, त्यामुळे पाच मिनिटांनी नख परत दाबायला लावा. रात्री झोपताना बँडेज काढायचं.