‘रात्रभर ठेवले’ म्हणजे किती तास? मेथड्स नीट करण्याची तयारी

पेपरातल्या मेथड्स विभागाच्या दुरुस्तीला बसण्याआधी मूळ लॅब नोटबुक, रसायनांच्या बाटल्यांवरची लेबलं आणि प्रयोग ज्याने हाताने केला तो विद्यार्थी, हे तिन्ही समोर असू द्या. आठवणीवर भिस्त ठेवू नका. उदाहरणासाठी वनस्पती-अर्काच्या पेपरांत हमखास आढळणाऱ्या धाटणीचा हा मजकूर घेऊ: ‘पानांची पावडर मिथेनॉलमध्ये रात्रभर ठेवली व ५००० आरपीएमला १० मिनिटे सेंट्रिफ्यूज केली. १ मिली अर्कात ३ मिली डीपीपीएच घालून अंधारात ठेवले व ५१७ नॅनोमीटरला शोषण मोजले.’

‘रात्रभर’च्या जागी तास आणि तापमान लिहा, किती ग्रॅम पावडर किती मिली मिथेनॉलमध्ये होती ते लिहा, आणि भांडं शेकरवर होतं की नुसतंच ठेवलं होतं तेही. हे नोटबुकात सहसा सापडतं.

आरपीएम मात्र तसाच सोडू नका. ८ सेंटीमीटर त्रिज्येच्या रोटरमध्ये ५००० आरपीएमला साधारण २२४० जी बल मिळतं, तर १५ सेंटीमीटरच्या रोटरमध्ये जवळपास ४२०० जी. आकडा तोच, पण गाळ बसण्यात फरक पडतो. म्हणून जी लिहा, सोबत तापमान द्या. त्रिज्या रोटरच्या माहितीपत्रकात मिळते, आणि जी काढायचं सूत्र असं, यात RCF म्हणजे जी:

```
RCF = 1.118 × 10⁻⁵ × r(cm) × rpm²
```

आता सर्वांत घातक जागा. ‘१०० मायक्रोग्रॅम प्रति मिली अर्क’ असं लिहिलं असेल, तर ते मिसळण्याआधीचं की नंतरचं? १ मिलीत ३ मिली घातल्यावर १०० चे २५ होतात. म्हणजे दोन प्रयोगशाळा अगदी सारखं काम करूनही आयसी५० चौपट वेगळा सांगू शकतात, आणि चूक कुणाचीच नसते. डीपीपीएचचंही तसंच: ०.१ मिलिमोलर द्रावण मिश्रणात ०.०७५ उरतं. दोन्ही आकडे द्या, कारण आयसी५० डीपीपीएच किती घेतलं यावरही हलतो.

‘अंधारात ठेवले’ याला मिनिटं जोडा. काही फिनॉलिक संयुगांची अभिक्रिया संथ चालते, त्यामुळे १० मिनिटांचं वाचन आणि ३० मिनिटांचं वाचन जुळेलच असं नाही. मग ब्लँक बघा. हिरव्या अर्काचा स्वतःचा रंग ५१७ ला थोडं शोषण दाखवतो आणि अर्क आहे त्यापेक्षा दुबळा भासतो. १ मिली अर्क अधिक ३ मिली मिथेनॉल असा रंगाचा ब्लँक वजा केला होता का? केला नसेल, तर तसं स्पष्ट लिहा. (रिव्ह्यूअर विचारेल या भीतीने आता ‘केला’ लिहिणं ही दुरुस्ती नव्हे.)

शेवटी हा मजकूर शेजारच्या लॅबमधल्या कुणाला तरी द्या आणि त्यावरून पिपेट धरण्याच्या क्रमाने कामाचा आराखडा लिहायला सांगा. तुम्ही जवळ थांबू नका. त्याने जिथे जिथे प्रश्नचिन्ह टाकलं असेल, तिथे नोटबुकातला आकडा भरा. नोटबुकातही तो नसेल, तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असं लिहा किंवा तेवढा टप्पा पुन्हा करून मोजा.